बुक झालेला स्लॉट रिकामा दिसतोय: सॉफ्टवेअर टीमला मेल कसा लिहायचा

"सर, बुक केलेले स्लॉट रिकामे दिसत आहेत. पेशंट भांडायला लागलेत. लगेच बघा."

दवाखान्याच्या काउंटरवरून असे मेल रोज येतात. त्यातला एकही शब्द खोटा नसतो. तरी दुपारी उत्तर येतं, "आमच्याकडे बरोबर दिसतंय, एकदा रिफ्रेश करून बघा." मग फोन, मग पुन्हा मेल, आणि दोन दिवस एकाच वेळेला दोन-दोन पेशंट समोर उभे. मी लातुरात सहा वर्षं अशाच एका काउंटरवर बसले. आता दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरच्या मदत विभागात असे मेल वाचते. त्यामुळे हा घोळ कुठे होतो ते मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. मेल लिहिणारी व्यक्ती स्क्रीनवर जे दिसलं ते न लिहिता, त्यातून तिने काढलेला अर्थ लिहिते. टीम तो अर्थ खरा धरून भलत्याच जागी शोधत बसते.

खाली एकच प्रसंग धरून सगळ्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. क्रम बदलू नका. निम्मा घोळ चुकीच्या क्रमानेच होतो.

## प्रसंग

लातूरचा हाडांचा दवाखाना, दोन डॉक्टर. सकाळची वेळ १० ते १, संध्याकाळची ५ ते ८. पेशंट काउंटरवर, फोनवर आणि मोबाइलवरून ऑनलाइन अशा तिन्ही प्रकारे नंबर लावतात. सोमवारी, ९ जून २०२५ ला, सकाळी ९:५० वाजता औशाहून आलेले एक आजोबा काउंटरवर म्हणाले, "ताई, आमचा सव्वाअकराचा नंबर हाय." त्यांच्या मागोमाग चाकूरहून आलेल्या एक बाई मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "मला अकरा वीसचा मिळालाय." दोघांचेही मेसेज खरे होते. डॉक्टर एकच. आजोबांना तपासायला लागणाऱ्या पंधरा मिनिटांच्या मधोमध दुसरा नंबर दिला गेला होता.

काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीन उघडली, तर त्या दिवसाचे बरेच स्लॉट हिरवे, म्हणजे रिकामे. आदल्या आठवड्यात त्यांनी स्वतः भरलेल्या वेळाही त्यात.

इथून पुढे काय करायचं?

## १. आधी स्क्रीनचा फोटो, मग दुरुस्ती

पहिली ओढ असते ती हाताने नीट करून टाकण्याची. आजोबांचं बुकिंग रद्द करून पुन्हा टाकायचं, म्हणजे स्लॉट लाल होईल. समोर माणसं उभी असताना असं वाटणं साहजिक आहे. पण रद्द करून पुन्हा टाकलेलं बुकिंग हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नवं बुकिंग असतं. जुन्या बुकिंगवर चुकीची खूण होती, ती तुम्ही स्वतःच पुसून टाकता. टीम बघते तेव्हा तिला सगळं बरोबर दिसतं आणि ती तसं खरोखरच कळवते.

म्हणून सगळ्यांत आधी त्या दिवसाच्या स्लॉटच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट घ्या. विंडोजवर `Windows + Shift + S` दाबा, चौकोन ओढा आणि चित्र जतन करा. तक्ता एका स्क्रीनमध्ये मावत नसेल तर दोन घ्या. चित्रात तारीख, डॉक्टर आणि शक्य असेल तर संगणकाचं घड्याळ, तिन्ही दिसली पाहिजेत. मग त्याच दिवसाच्या अपॉइंटमेंटच्या यादीचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. तक्ता आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

दोन मिनिटांचं काम आहे. समोरच्या पेशंटला "बसा, दोन मिनिटांत सांगते" म्हणा आणि हे करून घ्या.

## २. नवं बुकिंग थांबवा

आता नुकसान थांबवायचं. ऑनलाइन बुकिंग बंद करण्याचं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरनिहाय असतं. ज्या डॉक्टरांच्या तक्त्यात गडबड आहे, त्यांचं ऑनलाइन बंद करा. तसं बटण नसेल तर रिकाम्या दिसणाऱ्या वेळा "ब्लॉक" करा, म्हणजे डॉक्टर उपलब्ध नाहीत अशी खूण करा.

हे करू नका: ब्लॉक करण्याऐवजी "टेस्ट", "अबक" अशा नावाने खोटी बुकिंग टाकून स्लॉट भरू नका. ती खोटी नावं खऱ्या यादीत मिसळतात. मोजताना गोंधळ होतो, आणि संध्याकाळी त्या नंबरवर मेसेज जातात ते वेगळंच.

काय ब्लॉक केलं आणि किती वाजता केलं, हे वहीत लिहा. मेलमध्ये ते द्यावं लागणार आहे. टीमने तक्ता उघडल्यावर तुम्ही ब्लॉक केलेल्या वेळा तिला लाल दिसतील. त्या का लाल आहेत हे सांगितलेलं नसेल तर पहिला तासभर त्यातच जातो.

त्या दिवसापुरती कागदी वही काढा. यादीवरून वेळ आणि नाव उतरवून घ्या आणि पेशंट त्याच क्रमाने आत सोडा. यादी बरोबर आहे की नाही याबद्दल शंका असेल तर पेशंटला आलेला मेसेज ग्राह्य धरा.

## ३. आपल्या बाजूच्या चार शंका मिटवा

मेल पाठवण्याआधी चार गोष्टी बघायच्या, पाच मिनिटांत. या आधीच बघून मेलमध्ये लिहिल्या, तर "रिफ्रेश करून बघा" हे उत्तर येणारच नाही.

पहिली गोष्ट: तक्ता नेमका त्याच डॉक्टरांचा, त्याच शाखेचा आणि त्याच तारखेचा आहे का? डॉक्टर आठवड्यातून एक दिवस उदगीरला बसत असतील, तर त्यांच्या नावाच्या दोन नोंदी असतात. बुकिंग लातूरच्या नोंदीवर आणि तक्ता उदगीरचा उघडलेला, असं झालं की सगळं रिकामं दिसतं. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही.

दुसरी: `Ctrl + F5` दाबून पान नव्याने मागवा. नुसतं `F5` दाबल्यावर ब्राउझर कधी कधी साठवलेलं जुनंच दाखवतो.

तिसरी: दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर तेच पान बघा. एका यंत्रावर रिकामं आणि दुसऱ्यावर भरलेलं दिसलं, तर अडचण त्या यंत्रात किंवा त्याच्या इंटरनेटमध्ये आहे. दोन्हीकडे सारखंच दिसलं, तर अडचण पलीकडे आहे.

चौथी: संगणकाची तारीख, वेळ आणि टाइम झोन. टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` हाच हवा. लाइट गेल्यावर जुन्या संगणकाचं घड्याळ मागे पडतं हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. तेवढ्यावरून तक्ता आजचा न दिसता कालचा दिसू शकतो.

आपल्या प्रसंगात चारही ठीक होत्या. रिफ्रेश करूनही तेच, आतल्या खोलीतल्या संगणकावरही तेच.

## ४. यादी आणि तक्ता शेजारी ठेवून मोजा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते तीही हीच. "बरेच स्लॉट रिकामे दिसतात" यावरून काहीच कळत नाही. कोणते दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, हे कळलं की कारण निम्मं सापडलेलं असतं.

कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे यादीतल्या वेळा, उजवीकडे तक्त्यात भरलेल्या दिसणाऱ्या वेळा. आपल्या प्रसंगात सकाळच्या सत्राचा कागद असा झाला:

| यादीतलं बुकिंग | तक्त्यात काय दिसतं |
|---|---|
| १०:०० | १०:०० भरलेला |
| १०:१५ | १०:१५ ची चौकटच नाही. १०:२० रिकामा |
| १०:३० | १०:३० ची चौकटच नाही. १०:४० रिकामा |
| ११:०० | ११:०० भरलेला |
| ११:१५ | ११:१५ ची चौकटच नाही |
| ११:२० | ११:२० भरलेला |
| ११:४५ | ११:४५ ची चौकटच नाही. ११:४० रिकामा |
| १२:०० | १२:०० भरलेला |

यादीत ८ बुकिंग, तक्त्यात ४ भरलेले. आता हा कागद जरा वेळ नीट बघा. भरलेल्या दिसणाऱ्या चारपैकी तीन पूर्ण तासाच्या आहेत: दहा, अकरा, बारा. चौथं ११:२०, ते रविवारी रात्री ९:१० ला ऑनलाइन झालेलं. न दिसणारी चारही बुकिंग पाव, अर्ध्या किंवा पाऊण तासाची आहेत, आणि चारही शनिवारच्या आधी झालेली.

दुसरी गोष्ट तक्त्याच्या कडेला दिसते. तक्ता १०:००, १०:२०, १०:४० असा वीस-वीस मिनिटांचा आहे. जुनी बुकिंग मात्र पंधरा-पंधरा मिनिटांची आहेत.

इथे ताईंना आठवलं. शनिवारी, ७ जूनला, संध्याकाळी सातच्या सुमारास डॉक्टर म्हणाले होते, "पंधरा मिनिटं पुरत नाहीत, वीस करा." त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन १५ चे २० केले होते. सेटिंगने तक्रार केली नाही, जुन्या बुकिंगचं काय होईल ते विचारलं नाही. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

आतल्या बाजूला जे घडलं ते सोपं आहे. तक्ता काढताना सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीला विचारतं, "बरोबर याच वेळेला सुरू होणारं बुकिंग आहे का?" ११:१५ चं बुकिंग कोणत्याच नव्या चौकटीच्या सुरुवातीशी जुळत नाही, म्हणून ते कुठेच बसत नाही. विचारायला हवं होतं वेगळं: "या वीस मिनिटांत कुणाचाही वेळ येतो का?" मग ११:१५ ते ११:३० च्या आजोबांमुळे ११:०० आणि ११:२० दोन्ही चौकटी अडल्या असत्या. पंधरा आणि वीस यांची गाठ दर साठ मिनिटांनी पडते, म्हणून फक्त पूर्ण तासाची बुकिंग बचावली.

हे कारण तुम्हाला शोधता आलं पाहिजे असं अजिबात नाही. ते टीमचं काम आहे. पण हा कागद तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही, कारण कोणतं बुकिंग खरं आहे हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

### दुसऱ्या प्रकारचे ठसे

मोजल्यावर वेगळा ठसा दिसला तर तोच लिहा. दोन प्रकार वारंवार येतात.

सकाळी ११:३० रिकामा, पण त्याच दिवशी संध्याकाळी ५:०० ला कुणी नसताना स्लॉट भरलेला: दोन्हींमध्ये बरोबर साडेपाच तासांचं अंतर आहे का ते बघा. भारताची वेळ UTC या जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे, आणि सर्व्हर बऱ्याचदा त्या जागतिक वेळेवर चालतात. मध्ये कुठेतरी बदल करायचा राहिला किंवा दोनदा झाला, की सगळी बुकिंग साडेपाच तासांनी सरकतात. सकाळी १०:३० चं बुकिंग दुपारी ४:०० ला जातं आणि तेव्हा दवाखाना बंद असतो, म्हणून ते दिसतच नाही. यासाठी संध्याकाळचा तक्ताही बघावा लागतो.

फक्त ऑनलाइन पैसे भरलेली बुकिंग रिकामी दिसत असतील तर ठसा वेगळा. पेशंट पैसे भरत असताना सॉफ्टवेअर स्लॉट काही मिनिटं राखून ठेवतं. यूपीआयचा होकार उशिरा आला तर राखलेली मुदत संपून स्लॉट पुन्हा मोकळा झालेला असतो. पैसे आले, मेसेज गेला, पण स्लॉट मोकळाच. अशा वेळी काउंटरवरची सगळी बुकिंग ठीक असतात.

तपासा: तुमच्या कागदावर बरोबर दिसणारी किमान दोन-तीन बुकिंग आहेत ना? फक्त चुकलेली लिहिली तर तुलना होत नाही. काय बरोबर चाललंय, हीसुद्धा माहिती आहे.

## ५. एकच उदाहरण शेवटपर्यंत न्या

आता आठांपैकी एक बुकिंग निवडा आणि त्याबद्दल सगळं लिहा. आपण आजोबांचं घेऊ. अपॉइंटमेंट क्रमांक, बुकिंग कधी केलं, कुणाच्या लॉगिनवरून केलं, कोणत्या तारखेचं आणि वेळेचं, नंतर त्यात बदल झाला का, आज यादीत काय दिसतं आणि तक्त्यात काय दिसतं. आठही बुकिंगची अर्धवट माहिती देण्यापेक्षा एकाची पूर्ण माहिती जास्त कामाची, कारण टीम तो क्रमांक टाकून थेट त्याच नोंदीवर पोचते.

इथे शब्दांची खबरदारी घ्या. "११:१५ चा स्लॉट रिकामा दिसतो" असं लिहायची सवय असते. पण ११:१५ चा स्लॉट रिकामा दिसतच नाही. तो दिसतच नाही, आणि ११:२० बुक करता येतो. या दोन वाक्यांतला फरक टीमसाठी फार मोठा आहे. पहिल्या वाक्यावरून ती बुकिंग जतन झालं की नाही हे तपासत बसेल. दुसऱ्यावरून ती सरळ तक्ता कसा काढला जातो तिकडे जाईल.

## ६. विषयाची ओळ

टीमकडे दिवसाला पन्नास मेल असतात आणि विषयाची ओळ बघूनच कोणता आधी उघडायचा ते ठरतं. "अर्जंट", "प्रॉब्लेम", "सॉफ्टवेअर चालत नाही" यांतून काहीच कळत नाही. ओळीत तीन गोष्टी बसवा: काय होतंय, कधीपासून, कुठे.

"स्लॉट २० मिनिटे केल्यापासून (७ जून) जुनी बुकिंग तक्त्यात दिसत नाहीत, दुहेरी बुकिंग होत आहे – लातूर, डॉक्टर २"

"दुहेरी बुकिंग होत आहे" हे शब्द मुद्दाम घातलेत. पेशंटला प्रत्यक्ष त्रास होतोय, हे त्यातून पोचतं आणि "तातडीचे" हा शब्द वेगळा लिहावा लागत नाही.

## ७. मेल

ताईंनी शेवटी पाठवलेला मेल जवळपास असा होता. मराठीत लिहायला संकोच करू नका. तोडक्यामोडक्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी कितीतरी जास्त कळते. टीममध्ये मराठी न येणारं कुणी असलं तरी वेळा आणि क्रमांक सगळ्यांना वाचता येतात.

> नमस्कार,
>
> डॉक्टर २ (लातूर) यांच्या तक्त्यात जुनी बुकिंग दिसत नाहीत आणि त्या वेळेत नवीन बुकिंग होत आहे. आज एक दुहेरी बुकिंग झाले आहे.
>
> काय बदलले: शनिवार ७ जून, संध्याकाळी सुमारे ७ वाजता, स्लॉटची वेळ १५ मिनिटांवरून २० मिनिटे केली (काउंटर लॉगिनवरून). त्यानंतर हे दिसते. त्याआधी तक्ता बरोबर होता.
>
> आज (सोमवार ९ जून) सकाळचे सत्र: यादीत ८ बुकिंग आहेत, तक्त्यात ४ भरलेले दिसतात.
> भरलेले दिसतात: १०:००, ११:००, ११:२०, १२:००
> यादीत आहेत पण तक्त्यात दिसत नाहीत: १०:१५, १०:३०, ११:१५, ११:४५
> ११:२० हे बदलानंतर झालेले बुकिंग आहे. बाकी सातही आधीची आहेत.
> संध्याकाळच्या सत्रात एकूण ५ बुकिंग आहेत, त्यांतली फक्त ५:०० आणि ६:०० ची दिसतात.
>
> एक उदाहरण: अपॉइंटमेंट क्रमांक ४१२७. गुरुवारी ५ जूनला काउंटरवरून ९ जून, ११:१५ साठी केले. त्यात नंतर बदल नाही. यादीत दिसते. तक्त्यात ११:१५ ची चौकट नाही. रविवारी रात्री ९:१० ला ११:२० ऑनलाइन बुक झाले (क्रमांक ४१५३).
>
> अपेक्षित: ११:१५ ते ११:३० ला पेशंट असताना ११:२० बुक होऊ नये.
>
> आम्ही तपासले: डॉक्टर, शाखा, तारीख बरोबर. Ctrl + F5 केले. दोन संगणकांवर सारखेच दिसते. घड्याळ व टाइम झोन बरोबर.
>
> आम्ही केले: १०:१० वाजता डॉक्टर २ चे ऑनलाइन बुकिंग बंद केले. १०:१२ ला १०:२०, १०:४०, ११:४० हे स्लॉट ब्लॉक केले. ते लाल दिसतील. कोणतेही बुकिंग रद्द किंवा बदललेले नाही.
>
> विचारायचे आहे: संध्याकाळचे सत्र ५ ला सुरू होते. तोपर्यंत स्लॉट पुन्हा १५ मिनिटे करायचे का? तुमच्या उत्तरापर्यंत सेटिंगला हात लावत नाही.
>
> स्क्रीनशॉट जोडले आहेत: तक्ता (९:५६), यादी (९:५७). नावे झाकली आहेत. मी १ वाजेपर्यंत आणि नंतर ४:३० पासून काउंटरवर आहे.

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगते.

"काय बदललं" ही ओळ लिहायला लोक कचरतात. आपण सेटिंग बदललं हे कबूल केलं तर चूक आपल्या गळ्यात येईल, अशी भीती वाटते. ती सोडा. सेटिंग बदलणं हा तुमच्या कामाचा भाग आहे. कोणत्या लॉगिनवरून काय बदललं याची नोंद बहुतेक सॉफ्टवेअर ठेवतं, म्हणजे टीमला ते उशिरा का होईना कळणारच. तुम्ही आधी लिहिलं तर तोच वेळ वाचतो. काहीच बदललेलं नसेल तर "आमच्या माहितीत काही बदललेले नाही" असं लिहा, आणि लिहिण्याआधी डॉक्टरांना आणि दुसऱ्या पाळीच्या सहकाऱ्यांना विचारून घ्या.

"अपेक्षित" ही ओळ उगाच वाटेल. काही दवाखाने एका स्लॉटला मुद्दाम दोन पेशंट घेतात, म्हणून तुमच्याकडे काय हवं आहे ते टीम गृहीत धरू शकत नाही.

सेटिंग परत फिरवण्याचा प्रश्न विचारून घेतला आहे, हे बघा. १५ वर नेलं तर जुनी बुकिंग पुन्हा दिसतील, पण ११:२० चं नवं बुकिंग हरवेल. नवी बुकिंग किती झाली आहेत यावर ते शहाणपणाचं की नाही ते ठरतं. मेल पाठवून झाल्यावर फोन करा आणि फोनवर एवढंच विचारा. मेल नसताना नुसता फोन करू नका. फोनवर सांगितलेल्या वेळा आणि क्रमांक कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

## ८. पाठवण्याआधी पेशंटची माहिती झाका

स्क्रीनशॉटमध्ये नावं, मोबाइल नंबर आणि कधी कधी आजार दिसतो. मेल पाच-सहा जणांकडे फिरतो आणि वर्षानुवर्षं राहतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, आणि कायद्यापलीकडेही औशाच्या आजोबांचा गुडघा हा त्यांचा खासगी विषय आहे. विंडोजच्या पेंटमध्ये चित्र उघडून नावांवर आणि नंबरांवर भरीव काळा चौकोन ओढा. ब्रश फिरवून पुसट करू नका, खालचं अक्षर वाचता येतं. अपॉइंटमेंट क्रमांक मात्र उघडा ठेवा. टीम त्याच्यावरूनच शोधते.

हे करू नका: मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. चित्र दाबलं जातं, आकडे पुसट होतात आणि ते पेशंटच्या माहितीसकट तुमच्या वैयक्तिक फोनमध्ये राहतं. लॉगिनचा पासवर्डही कुठेच पाठवू नका. टीमला त्याची गरज नसते.

## ९. उत्तर आल्यावर

उत्तर त्याच मेलवर द्या. नव्या विषयाने नवा मेल पाठवला की टीमकडे ती वेगळी तक्रार होते आणि दुसराच माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

"आमच्याकडे बरोबर दिसतंय" असं उत्तर आलंच, तर रागावण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुम्ही ४१२७ उघडून बघितलं की नवीन बुकिंग करून बघितलं?" या प्रसंगात पहिलं उत्तर तसंच आलं होतं. टीममधल्या मुलाने नवं बुकिंग टाकून बघितलं होतं आणि ते वीस मिनिटांच्या चौकटीत अचूक बसलं. खोटं तो बोलत नव्हता. क्रमांक टाकून बघितल्यावर दहा मिनिटांत त्याला दिसलं.

"दुरुस्त झालं" असं कळवलं तरी ऑनलाइन बुकिंग लगेच उघडू नका. आधी तीन गोष्टी बघा. जुनं बुकिंग असलेला एक पुढचा दिवस घ्या, उदाहरणार्थ गुरुवार. त्या दिवशी १०:१५ ला पेशंट असेल तर १०:०० आणि १०:२० दोन्ही भरलेले दिसतात का? त्याच दिवशी खरोखर मोकळी वेळ मोकळी दिसते का, की आता सगळंच अडलंय? आणि आपल्या मोबाइलवरून पेशंटसारखं ऑनलाइन पान उघडल्यावरही तेच दिसतं का? काउंटरचा तक्ता आणि ऑनलाइन पान कधी कधी वेगवेगळ्या मार्गाने वेळा मोजतात. एक दुरुस्त होऊन दुसरं तसंच राहिल्याचं मी पाहिलंय.

तिन्ही जमलं की तुम्ही ब्लॉक केलेल्या वेळा वहीत बघून मोकळ्या करा, मग ऑनलाइन सुरू करा.

दुरुस्ती झाली तरी आधी झालेली दुहेरी बुकिंग आपोआप सुटत नाहीत. शनिवार संध्याकाळ ते ऑनलाइन बंद करेपर्यंत झालेली सगळी बुकिंग टीमकडून मागून घ्या आणि जुन्यांशी ताडून बघा. जिथे टक्कर आहे तिथे नंतर बुक केलेल्या पेशंटला आदल्या दिवशीच फोन करा. गावाकडून एसटीने येणाऱ्या माणसाला इथे आल्यावर "दुपारी या" सांगणं म्हणजे त्याचा अख्खा दिवस आणि परतीची गाडी, दोन्ही घालवणं. फोन करताना मोकळी असलेली नेमकी वेळ समोर ठेवूनच करा.

१५ मिनिटांच्या काळातलं शेवटचं बुकिंग कोणत्या तारखेचं आहे ते यादीत बघून वहीवर लिहून ठेवा. ताईंकडे ते २७ जूनचं होतं. त्या तारखेपर्यंत रोज सकाळी काउंटर उघडल्यावर यादीतला आकडा आणि तक्त्यातला आकडा, दोन्ही मोजायचे.